टाका घातलेल्या मैत्रिणीला पाठवलेला एक निरोप

मी एका प्रसूतिगृहात समुपदेशनाचं काम करते. बेडरेस्ट सांगितलेल्या बायकांशी बोलताना एक तक्रार सारखी कानावर येते: फोन दिवसभर वाजत असतो, मेसेज येत असतात आणि तरीही एकटं वाटतं. त्या मेसेजमध्ये नेमकं काय कमी असतं, हे या एका प्रकरणात मला फार जवळून बघता आलं. दोघी मैत्रिणींच्या परवानगीने ते लिहिते आहे. नावं बदलली आहेत.

मेघना तेहेतीस वर्षांची, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी. इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या खेपेला विसाव्या आठवड्यात, कळा फारशा न येताच पिशवीचं तोंड उघडलं आणि बाळ गेलं. म्हणून या खेपेला चौदाव्या आठवड्यात डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला. चोविसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तोंडाची लांबी १९ मिलिमीटर निघाली. २५ च्या खाली गेली की ती आखूड धरतात आणि वेळेआधी बाळंत होण्याची भीती वाढते. त्याच आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत साखर १५२ आली. १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आधीपासून सुरू होत्याच, त्यात आता आहाराचा तक्ता आला आणि सूचना आली: बहुतेक वेळ झोपून राहायचं, जेवायला आणि बाथरूमला उठायचं, जिना उतरायचा तो फक्त तपासणीसाठी.

नवरा निखिल ऐरोलीला नोकरीला. सकाळी साडेसातला बाहेर पडायचा तो रात्री साडेआठला परत. घरी सासूबाई होत्या. स्वयंपाक, औषधं, सगळं त्या मनापासून करत होत्या. पण दुपारी त्या आडव्या झाल्या की तीन ते सहा हे तास मेघनाला खायला उठायचे. पंखा, भिंत, आणि पोटात जरा काही वेगळं जाणवलं की काळजात धस्स.

तिची शाळेपासूनची मैत्रीण रूपाली त्याच गावात राहते, शिक्षिका आहे, शाळा सकाळची. निखिलकडून तिला हे कळलं तेव्हा तिने एक मेसेज लिहिला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला, कारण तिच्या मते त्यात काहीतरी चुकत होतं आणि काय ते तिला कळत नव्हतं. तो असा होता:

“अगं मेघना, कळलं गं. अजिबात टेन्शन घेऊ नकोस, सगळं छान होणार आहे. मस्त आराम कर, सिरियली बघ, ऑफिसची कटकट नाही! माझ्या जावेलापण असंच सांगितलं होतं, आता तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे. काही लागलं तर नक्की सांग हं. येते एकदा भेटायला.”

यात प्रेम आहे, ते कुणालाही दिसेल. तरी मी तिला म्हटलं, हे मेघना होऊन वाच. जिचं एक बाळ विसाव्या आठवड्यात गेलं आहे तिला “सगळं छान होणार” हे वाक्य मागच्या वेळीही कुणीतरी म्हणालेलं असतं. ते पुन्हा ऐकलं की तिला आपली भीती गिळून “हो ना” म्हणावं लागतं, म्हणजे धीर तिलाच द्यावा लागतो. “मस्त आराम कर” हे तर बेडरेस्टवरच्या बाईला फार लागतं. कूस बदलून बदलून कंबर धरलेली असते, लोहाच्या गोळ्यांनी शौचाला त्रास होत असतो, आणि आपण नुसतं पडून सगळ्यांवर भार टाकतोय ही बोच सतत असते. जावेचं उदाहरण वरवर आशेचं वाटतं. पण जावेला टाका होता का, आधी बाळ गेलं होतं का, हे रूपालीला ठाऊक नव्हतं, आणि मेघनाच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच आला असता.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते “काही लागलं तर सांग”. ते आपण सगळेच म्हणतो. पण आता काय लागेल, ते कुणाकडे मागायचं, मागणं फार तर होणार नाही ना, हा सगळा विचार झोपलेल्या बाईनेच करायचा. आपल्याकडच्या मुली तर मागतच नाहीत. मग मैत्रीण वाट बघत राहते आणि इकडे मेघनाला वाटतं कुणी येत नाही.

रूपालीने दोन दिवस घेतले. मी फक्त तीन गोष्टी विचारल्या होत्या: तू नक्की कधी मोकळी असतेस, ती साखर सांभाळून काय खाऊ शकते, आणि तू गेलीस तर त्या घरात कुणाचं काम वाढेल. त्यांची उत्तरं तिने निखिलला फोन करून काढली आणि मग हे लिहिलं:

“मेघना, निखिलकडून कळलं, टाका असूनही तोंड आखूड झालंय आणि झोपून राहायला सांगितलंय. ऐकून पोटात गोळा आला. मागच्या वेळचं मला सगळं आठवतंय. त्याबद्दल बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर मी विषय काढणार नाही.

या शुक्रवारी साडेतीनला येऊ का? साडेचारपर्यंत बसेन. येताना माझी मेथी घेऊन येते, तिथे बसून निवडते. तू झोपूनच राहा, माझ्यासाठी उठू नकोस, घर आवरू नकोस. चहा मी घरून पिऊन येणार आहे, तसं काकूंना मीच फोन करून सांगते. बोलायचा मूड नसला तरी चालेल, मी आपली भाजी निवडत बसेन.

साखरेचं कळलंय, म्हणून गोड काही आणत नाही. कैरी घालून वाटली डाळ आणू का, एक वाटी, बिनसाखरेची? की मखाने भाजून आणू? तक्त्यात बसत नसेल तर तेवढंच कळव.

लांब उत्तर लिहू नकोस. ‘ये’ किंवा ‘नको’ एवढंच पुरे. ‘नको’ आलं तर मी मंगळवारी परत विचारीन. रूपाली”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: “ये. मखाने नको. कैरी.”

या निरोपातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती मेथी. आपल्याकडे कुणी भेटायला आलं की घरातल्या बाईला उठून चहा टाकावा लागतो, निदान पोहे तरी विचारावे लागतात. आजारी माणसाकडे येणारी पाच माणसं म्हणजे सासूबाईंच्या दुपारच्या झोपेवर पाच वेळा घाला. शिवाय पाहुणा समोर बसला की झोपलेल्या बाईलाही चेहरा हसरा ठेवावा लागतो, केस नीट करावेसे वाटतात. मेथीची जुडी घेऊन आलेली मैत्रीण पाहुणी राहतच नाही. हात कामात, नजर भाजीवर, त्यामुळे गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही, आणि नजरेला नजर नसली की मनातलं बोलणंही सोपं जातं. पहिल्या शुक्रवारी मेघना अर्धा तास काहीच बोलली नाही. मग छताकडे बघत म्हणाली, “मला बाथरूमला जायचीसुद्धा भीती वाटते.” रूपालीने “घाबरू नकोस” म्हटलं नाही. “काय होईल असं वाटतं?” एवढंच विचारलं, आणि मेघना मागच्या खेपेची सगळी रात्र बोलली. ती रात्र तिने तोवर निखिललाही पूर्ण सांगितली नव्हती, कारण त्यालाही रडू येतं.

येण्याची आणि जाण्याची वेळ आधी सांगण्यालाही अर्थ होता. साडेचारला ती खरोखर उठली. ज्या भेटीचा शेवट माहीत असतो ती थकवत नाही. आणि मंगळवार-शुक्रवार ठरल्यावर मेघनाच्या आठवड्याला दोन खुंट्या मिळाल्या.

आता खाऊचं. इथे प्रेमाच्या भरात सगळ्यात जास्त घोटाळे होतात. पाडवा जवळ आला होता आणि घरात श्रीखंड, शिरा, कुणी प्रेमाने आणलेले गुळाचे लाडू येत होते. गुळाने साखर वाढत नाही असा समज अजून खूप घरांत आहे. वाढते. रक्तातल्या साखरेपुरता गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. मेघनाला डॉक्टरांनी जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत आणि सकाळी उपाशीपोटी ९५ च्या आत ठेवायला सांगितलं होतं. घरी बोट टोचून मोजायचं मशीन होतं. तो आकडा वर गेला की ती स्वतःला दोष द्यायची. म्हणजे चुकीच्या खाऊने तिला दोन वेळा त्रास होणार होता, एकदा शरीराला आणि एकदा मनाला.

वाटल्या डाळीचा विचार रूपालीने नीट केला होता. चैत्रातली आंबेडाळ हरभऱ्याची डाळ भिजवून कच्चीच वाटून करतात. दिवसभर झोपलेल्या पोटाला ती जड जाते, गॅस होतो, आणि पोट फुगून घट्ट झालं की टाका असलेल्या बाईला ती कळच वाटते. म्हणून तिने डाळ वाफवून, परतून वाटली डाळ केली, वर कैरी किसून घातली, खोबरं थोडं, साखर अजिबात नाही. एक वाटी, त्याहून जास्त नाही. दुपारी चारला, उशा लावून अर्धवट बसवून. रात्री आंबट-तिखट खाऊन आडवं झालं की छातीत जळजळतं. गरोदरपणात जठराच्या वरचं झाकण तसंही सैल झालेलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात मेघनाला भेळ हवी झाली. डोहाळेच ते. बाहेरची चटणी नि पाणी नको, म्हणून रूपालीने घरून डबे नेले आणि तिथे कालवली. दोन तासांनी साखर १३१. कुरमुरे दिसायला हलके, पण साखर भराभर चढवतात. पुढच्या खेपेला कुरमुरे मूठभरच घेतले, त्यात उकडलेले मूग, भाजलेले शेंगदाणे, काकडी, कांदा आणि भरपूर कैरी. आकडा १२० च्या आत राहिला. मला यात आवडलं ते असं की दोघींनी मिळून आकडा बघितला आणि पदार्थ बदलला. भेळ बंद करायची वेळ आली नाही. ज्या बाईच्या हातात आता काहीच उरलं नाही असं तिला वाटत होतं, तिच्या हातात निदान भेळेचं प्रमाण आलं.

खाऊ म्हणून काय नेऊ नये यातलं एकच सांगते. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू हे बाळंतिणीचं खाणं आहे. बऱ्याच घरांत मोठ्या बायका गरोदरपणात ते देत नाहीत, आणि इथे तर साखरेचाही प्रश्न. “ताकद येईल” म्हणून कुणी काढे, चूर्णं आणली तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडूही नयेत. रूपालीने असं आलेलं एक पाकीट सासूबाईंच्या समक्ष बाजूला ठेवलं. “काकू, सोमवारी तपासणीला जाताना हे बरोबर न्या, डॉक्टरांना विचारू,” म्हणाली. सासूबाईंना ते पटलं, कारण त्यांना मोडीत काढलं नव्हतं.

सोबत म्हणजे नुसतं बसणं नव्हे, हेही पुढे दिसलं. मेघना क्रोशाचं विणकाम छान करते. रूपालीने सुई-दोरा नेला आणि म्हणाली, मला शिकव. काय विणायचं यावर ती अडखळली होती, तेव्हा मी एवढंच सुचवलं की बाळाचं टोपडं, मोजे नकोत. एकदा बाळ गेलेल्या बाईला पुढच्या बाळाच्या वस्तू बघवत नाहीत, आणि ते तिने स्वतःहून काढलं तरच काढायचं. त्या टेबलावरचा रुमाल विणू लागल्या. मेघना कुशीवर झोपून टाके सांगायची, रूपाली चुकायची, उसवायची. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मेघना कुणालातरी काही देत होती. तिच्या चेहऱ्यातला फरक सासूबाईंनी मला सांगितला.

याच कारणाने डोहाळजेवणाचा विषयही रूपालीने काढला नाही. सातवा लागला होता, नणंदेने हिरवी साडी, फुलांचे दागिने, वाडी असं सगळं ठरवायला घेतलं होतं. मेघनाला ते नको होतं, पण तोंडाने म्हणवत नव्हतं. ती अठ्ठावीस आठवडे पूर्ण होण्याकडे डोळे लावून बसली होती, कारण तिथून पुढे बाळाची शक्यता पुष्कळ वाढते असं डॉक्टर म्हणाले होते. शेवटी निखिलने बहिणीला सांगितलं, बाळ घरी आल्यावर बारसं जोरात करू.

बेडरेस्टबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. कडक बेडरेस्टने वेळेआधीचं बाळंतपण टळतं असा भक्कम पुरावा नाही. उलट फार दिवस हलचाल नसली की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडं झिजतात, मन खचतं. म्हणून अनेक तज्ज्ञ आता सरसकट झोपवून ठेवत नाहीत. पण मैत्रिणीने हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये. त्याने घरात वाद होतो आणि झोपलेली बाई दोन्हीकडून घाबरते. रूपालीने मेघनाला पुढच्या तपासणीचे प्रश्न कागदावर लिहून दिले: बसून किती वेळ चालेल, घरातल्या घरात किती चालू, पायांचे कोणते व्यायाम करू. डॉक्टरांनी घोटे फिरवायला, दर तासाला पाय हलवायला आणि दिवसातून काही वेळा घरात फेरी मारायला सांगितलं. ती मोकळीक डॉक्टरांकडून आली म्हणून घरात सगळ्यांनी मानली. एका पोटरीला सूज, दुखणं किंवा लाली आली तर लगेच कळवायचं, हेही त्याच भेटीत समजलं.

पहिल्याच शुक्रवारी रूपालीने आणखी एक काम केलं होतं. आपण एकट्याच असताना काही झालं तर काय करायचं, हे निखिलला विचारून घेतलं होतं. पाणी गेलं, रक्त दिसलं, पोट ठरावीक अंतराने दगडासारखं घट्ट होऊ लागलं, कंबरेतून कळ आली, बाळाची हालचाल कमी वाटली, तर वाट बघायची नाही. फाईल आणि पिशवी दाराशी, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर, १०८ ची रुग्णवाहिका, आणि तीन मजले खुर्चीतून उतरवायला खालच्या मजल्यावरचे दोन तरुण शेजारी. सोबतीला बसणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल तर ती सोबत अपुरी आहे असं मी मानते.

एकतिसाव्या आठवड्यात त्याची गरज पडली. रात्री पोट घट्ट होऊ लागलं, निखिलने तिला त्याच खुर्चीतून उतरवून दवाखान्यात नेलं. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली, कळा थांबवायची औषधं सुरू झाली. सकाळी रूपालीने लिहिलं: “कळलं. उत्तर नको. आज काकूंचा आणि निखिलचा डबा मी देते. रात्री परत लिहीन.” आधीच्या लांब निरोपापेक्षा हा वेगळा आहे आणि तसाच असायला हवा. त्या दिवशी मेघनाला पर्याय निवडायला लावणं, “येऊ का” विचारणंसुद्धा फार झालं असतं.

दवाखान्यात तिने खाऊ नेला नाही. स्टिरॉइडने मधुमेहाच्या बाईची साखर काही दिवस चांगलीच वर जाते, मेघनाची गेलीही, आणि इन्सुलिन लागलं. त्या दिवसांत घरचा एक घासही हिशेब बिघडवतो. रूपालीने नेलं ते असं: लांब वायरचा चार्जर, कारण कॉटपासून प्लग लांब असतो, ओठांना लावायला व्हॅसलिन, तिची घरची उशी, आणि अर्धवट रुमाल. नर्सनी सांगितलेल्या वेळेत दहा मिनिटं बसून ती निघाली. कळा थांबल्या, काही दिवसांनी मेघना घरी आली, आणि मंगळवार-शुक्रवार पुन्हा सुरू झाले.

छत्तिसाव्या आठवड्यात टाका काढला. सदतिसावा आठवडा पूर्ण व्हायच्या आत मुलगी झाली. साखरेमुळे तिची साखरही पहिले काही तास तपासत होते, ती ठीक निघाली.

त्यानंतर रूपालीचे निरोप पुन्हा बदलले. बाळंतिणीकडे माणसांची रीघ होती, म्हणून तिने येणं कमी केलं आणि बाळ झोपतं त्या वेळेला फोन करू लागली. आणि एक गोष्ट तिने लक्षात ठेवली होती जी घरात सगळे विसरले होते. गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते, कारण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. तिचा निरोप होता: “बुधवारी तुझी साखर तपासायची आहे. उपाशीपोटी जायचंय, दोन तास बसावं लागेल. मी सकाळी साडेसातला रिक्षा घेऊन येते. बाळाला काकू बघतील, मी त्यांच्याशी बोललेय. निघायच्या आधी तिला पाजून घे.”